सोनेरी पट्टीचा हिशेब

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी चार्जिंगवर नसताना आणि तिच्यावर कसला लोडही नसताना काही तास तशीच ठेवली, तर तिचे व्होल्टेज तिची अवस्था बऱ्यापैकी सांगते. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर साधारण १२.७ व्होल्ट दिसतात. १२.० दिसले तर ती जेमतेम पावभाग उरली आहे असे समजायचे. म्हणजे ‘भरलेली’ आणि ‘संपत आलेली’ यांत अंतर किती, तर व्होल्टच्या पाऊण भागाइतके. आता अशा बॅटरीवर लक्ष ठेवण्यासाठी दोन छोटी सर्किट बनवली. आराखडा एकच, पार्ट त्याच दुकानातले, सोल्डरिंग चोख. बॅटरीवर खरे १२.० व्होल्ट असताना एक सर्किट १२.८ दाखवते आणि दुसरे ११.२. पहिल्याच्या मते बॅटरी काठोकाठ भरली आहे, दुसऱ्याच्या मते ती मेली आहे. तरीही दोन्ही सर्किटांत एकही पार्ट खराब नाही. प्रत्येक पार्ट कंपनीने दिलेल्या शब्दाला जागला आहे.

हा शब्द रेझिस्टरवरच्या सोनेरी पट्टीत असतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सर्वांत स्वस्त मिळणारे कार्बन फिल्म रेझिस्टर बहुधा सोनेरी पट्टीचेच असतात. ही पट्टी म्हणजे पाच टक्के टॉलरन्स. रंगांच्या हिशेबाने १० किलोओहम लिहिलेला रेझिस्टर प्रत्यक्षात ९.५ ते १०.५ किलोओहम यांमध्ये कुठेही असू शकतो, आणि तरी तो निर्दोषच. चंदेरी पट्टी असेल तर ही मुभा दहा टक्के, तपकिरी असेल तर एक टक्का. एकेकट्या रेझिस्टरपुरते हे सोपे आहे. दोन रेझिस्टर एकत्र आले की त्या दोन चुकांचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न. आणि बॅटरी मोजणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सर्किटात ते एकत्र येतातच.

कारण असे की आर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर बोर्ड ५ व्होल्टपर्यंतच मोजू शकतो आणि बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टपर्यंत चढते. म्हणून बॅटरीच्या दोन टोकांमध्ये दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडतात आणि त्यांच्या मधल्या बिंदूवरचे व्होल्टेज मोजतात. याला व्होल्टेज डिव्हायडर म्हणतात. बॅटरीच्या धन टोकाकडच्याला ‘वरचा’ आणि ऋण टोकाकडच्याला ‘खालचा’ म्हटले, तर सूत्र एवढेच:

मधले व्होल्टेज = बॅटरीचे व्होल्टेज × खालचा ÷ (वरचा + खालचा)

वरचा २० आणि खालचा १० किलोओहम घेतला की बरोबर एक तृतीयांश मिळते. बॅटरी १२.० असताना मध्ये ४.० व्होल्ट, १४.४ असताना ४.८. प्रोग्रॅममध्ये तीनने गुणले की झाले. पदविकेच्या प्रोजेक्टांत ही जोडी नेहमी दिसते, कारण तीनने गुणायला सोपे आणि दोन्ही किमती दुकानात तयार मिळतात.

आता वाईटात वाईट काय होईल ते पाहू. दोन रेझिस्टर, प्रत्येकाला दोन टोके, म्हणजे तपासायच्या जागा चार. त्यांतल्या दोन निरुपद्रवी आहेत. दोन्ही रेझिस्टर पाच टक्क्यांनी मोठे निघाले, २१ आणि १०.५, तर भागाकार पुन्हा एक तृतीयांशच. दोन्ही पाच टक्क्यांनी लहान निघाले तरी तेच. डिव्हायडरला रेझिस्टरच्या किमतीशी देणेघेणे नसते, त्याला फक्त त्यांच्या गुणोत्तराशी मतलब असतो. घात होतो तो दोघे उलट दिशांना गेले तर. वरचा लहान आणि खालचा मोठा, म्हणजे १९ आणि १०.५, असे झाले की भागाकार येतो ०.३५५९. वरचा मोठा आणि खालचा लहान, म्हणजे २१ आणि ९.५, की येतो ०.३११५. असायला हवा होता ०.३३३३. म्हणजे वरच्या बाजूला पावणेसात टक्के जास्त आणि खालच्या बाजूला साडेसहा टक्के कमी. बॅटरीच्या १२.० व्होल्टच्या जागी १२.८ आणि ११.२ आले ते इथून.

मधल्या किमती तपासायची गरज नाही, कारण वरचा रेझिस्टर वाढवत नेला की मधले व्होल्टेज सतत उतरत जाते आणि खालचा वाढवला की सतत चढत जाते. वाटेत कुठे चढउतार नाही. म्हणून टोकाची किंमत टोकांवरच सापडते. तिसरा रेझिस्टर आला, उदाहरणार्थ मधल्या बिंदूवरून जमिनीकडे एखादा लोड जोडला, तरी रीत हीच. प्रत्येक रेझिस्टरबद्दल एकच प्रश्न विचारायचा: हा वाढला तर उत्तर चढते की उतरते? चढवणारे सगळे वरच्या टोकाला न्यायचे, उतरवणारे सगळे खालच्या टोकाला, आणि एकदा मोजायचे. मग सगळे उलटे करून दुसऱ्यांदा. ज्या सर्किटांत एखादी किंमत वाढवताना उत्तर आधी चढते आणि मग उतरते, जसे अनुनादावर चालणारे फिल्टर, तिथे मात्र ही रीत फसवते. डिव्हायडर त्या जातीचा नाही.

या ‘साडेसहा-पावणेसात’ टक्क्यांवर थोडे थांबायला हवे. पाच टक्क्यांचे दोन रेझिस्टर जोडले तर उत्तरात चूक किती, असे विचारले तर बहुतेक जण ‘पाच’ म्हणतात. जरा सावध असणारे ‘पाच अधिक पाच, दहा’ म्हणतात. दोन्ही उत्तरे कधी कधी बरोबर असतात, आणि कधी हे खुपते ते डिव्हायडर किती छाटतो यावरून ठरते. १२ व्होल्टवर तीन वेगवेगळे डिव्हायडर लावून पाहा. दोन्ही रेझिस्टर १ किलोओहमचे असतील तर मध्ये ६ व्होल्ट मिळतात आणि टोकाची चूक बरोबर पाच टक्के येते. वरचा ११ आणि खालचा १ असेल तर मध्ये १ व्होल्ट, पण चूक वरच्या बाजूला साडेनऊ टक्क्यांच्या पुढे जाते. हेच दोघे उलटे लावले, वरचा १ आणि खालचा ११, तर मध्ये ११ व्होल्ट आणि चूक एका टक्क्याच्याही आत!

याचे कारण सरळ आहे. दोघे उलट दिशांना गेले की त्यांचे गुणोत्तर जवळपास दहा टक्क्यांनी हलते. पण या दहा टक्क्यांतला किती वाटा उत्तरात उतरतो, हे वरच्या रेझिस्टरवर व्होल्टेजचा किती हिस्सा पडतो त्यावर अवलंबून असते. वरच्यावर काहीच पडत नसेल तर मधले व्होल्टेज बॅटरीइतकेच, आणि मग खालचा कसाही असला तरी बिघडत नाही. वरच्यावर जवळजवळ सगळे पडत असेल तर पुरते दहा टक्के उत्तरात येतात. म्हणून तोंडी हिशेबाचा नियम असा: टॉलरन्सची दुप्पट करा आणि तिला वरच्या रेझिस्टरवरच्या हिश्शाने गुणा. आपल्या बॅटरीच्या डिव्हायडरमध्ये वरच्यावर दोन तृतीयांश पडतात. दहाचे दोन तृतीयांश म्हणजे ६.७ टक्के. आधीच्या दोन आकड्यांच्या बरोबर मधला. वर थोडे जास्त आणि खाली थोडे कमी का, तर भागाकारात छेदही बदलतो म्हणून. पाच टक्क्यांना हा फरक किरकोळ आहे, वीस टक्क्यांना नसता.

या नियमाचा व्यवहारातला अर्थ कडवट आहे. जितके मोठे व्होल्टेज खाली आणायचे तितका डिव्हायडर टॉलरन्सच्या पूर्ण माऱ्याखाली येतो. नेमकी तिथेच त्याची गरज जास्त असते.

आता बॅटरीकडे परत. नुसता आकडा चुकीचा दिसला तर माणूस फार तर वैतागेल, पण त्या आकड्यावर चार्जर चालत असेल तर बॅटरीचे आयुष्य पणाला लागते. प्रोग्रॅम म्हणतो, १४.४ दिसले की चार्जिंग थांबव. पहिले, जास्त दाखवणारे सर्किट खऱ्या १३.५ व्होल्टलाच थांबेल. बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही आणि अर्धपोटी राहिलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसत जाते. दुसरे, कमी दाखवणारे सर्किट थेट १५.४ व्होल्टपर्यंत चार्ज करत राहील. तिथे पाण्याचे विघटन होऊन वायू सुटतो, पाणी आटते, प्लेटा झिजतात. बॅटरी उतरताना १०.५ ला लोड तोडायचा असेल तर एक सर्किट खऱ्या ११.२ लाच घर अंधारात टाकेल आणि दुसरे ९.८ पर्यंत बॅटरी पिळून घेईल. चार-सहा महिन्यांनी बॅटरी बसली की दोष बॅटरीवाल्याला दिला जातो. दोन-तीन रुपयांच्या पार्टांवर कुणाचा संशय जात नाही.

याहून वाईट एक गोष्ट त्या पहिल्या सर्किटात लपलेली आहे. ०.३५५९ च्या डिव्हायडरवर बॅटरी १४.०५ व्होल्टला पोचली की मधला बिंदू ५ व्होल्टला टेकतो, आणि मायक्रोकंट्रोलरच्या मापनाची कमाल तिथेच संपते. त्यापुढे बॅटरी १४.४ असो की १५, आकडा एकच. ही चूक प्रोग्रॅममधून सुधारता येत नाही, कारण माहितीच आत आलेली नाही. म्हणून मी मर्यादेचा प्रश्न आणि अचूकपणाचा प्रश्न वेगळे ठेवतो, आणि मर्यादेचा आधी सोडवतो. त्याला महाग पार्ट लागत नाहीत, फक्त गुणोत्तर बदलावे लागते. वरचा २० ऐवजी २२ किलोओहम घ्या. तोही सोनेरी पट्टीचाच, त्याच किमतीचा. आता टोकाची परिस्थिती म्हणजे वरचा २०.९ आणि खालचा १०.५, आणि १४.४ व्होल्टला मधला बिंदू ४.८२ व्होल्ट. बॅटरी १४.९ च्या वर जाईपर्यंत मापनाला जागा उरते. तीनने गुणण्याऐवजी ३.२ ने गुणावे लागते, एवढाच खर्च. डिव्हायडर निवडताना रंगांवरच्या किमती घेऊन ५ व्होल्टच्या काठाला न्यायचा मोह होतो. काठ गाठायचाच असेल तर टोकाच्या किमती घेऊन गाठावा.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. एक रेझिस्टर नेमका अधिक पाच आणि दुसरा नेमका उणे पाच, असे प्रत्यक्षात होते कधी? पन्नास पार्टांच्या सर्किटात सगळेच्या सगळे वाईट टोकाला जाणे जवळजवळ अशक्य असते. तिथे वर्स्ट केसचा हिशेब पैसे वाया घालवतो हे खरे. पण इथे पार्ट फक्त दोन आहेत. प्रत्येक रेझिस्टर आपल्या दहा टक्क्यांच्या पट्ट्यात कुठेही सारख्याच शक्यतेने असू शकतो असे धरून मोजले, तर शंभरातल्या एका सर्किटात चूक टोकाच्या नऊ दशांशाहून जास्त येते, आणि चारातल्या एका सर्किटात ती टोकाच्या निम्म्याहून जास्त येते. निम्मे म्हणजे ३.३ टक्के, १२ व्होल्टवर ०.४ व्होल्ट. बॅटरीचा सगळा खेळ पाऊण व्होल्टचा असताना चारातले एक सर्किट ०.४ ने चुकणार असेल, तर ‘असे कधी होते’ हा आक्षेप टिकत नाही.

खरे तर रेझिस्टर असे सारखे विखुरलेलेही नसतात. एका रिळावरचे, एका वेळी बनलेले रेझिस्टर एकमेकांच्या बरेच जवळ असतात. ते सगळे मिळून दोन टक्के खाली असतील, पण आपसात त्यांचा फरक थोडा असतो. याचा फायदा घेता येतो. २० किलोओहमचा वेगळा पार्ट घेण्याऐवजी १० चे दोन एकापुढे एक जोडा आणि तिन्ही एकाच पट्टीतून कापून घ्या. तिघे मिळून सरकले तरी गुणोत्तर जागेवर राहते. कागदावरचा वर्स्ट केस याने तसूभरही कमी होत नाही, कारण पट्टी एकच असल्याची हमी कंपनीने दिलेली नाही. प्रत्यक्षातले सर्किट मात्र बहुतेक वेळा खूपच सुधारते. कागद आणि प्रत्यक्ष यांतला हा फरक ध्यानात ठेवून ही युक्ती वापरावी. एखाद-दुसऱ्या सर्किटाला ती चालते. हजारांत माल काढायचा असेल तर तिच्यावर विसंबू नये.

त्या टोकांच्या आकड्यांचा आणखी एक उपयोग आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्यांना तो फार कामाचा आहे. २० आणि १० च्या डिव्हायडरवर बॅटरी १२.० असताना मधला बिंदू ३.७४ ते ४.२७ व्होल्टमध्येच असायला हवा. मल्टिमीटर लावला आणि ३.६ दिसले, तर टॉलरन्सला दोष देणे थांबवावे. तिथे काहीतरी वेगळे बिघडले आहे: रंग वाचण्यात घोटाळा होऊन भलताच रेझिस्टर बसला असेल, एखादा सांधा कच्चा असेल, नाहीतर ओलाव्याने मधल्या बिंदूतून करंट गळत असेल. रेझिस्टर सर्किटात बसलेला असताना ओहम मोजू नयेत, शेजारचे पार्ट आकडा बिघडवतात. बॅटरी आणि मधला बिंदू, दोन्हीकडचे व्होल्टेज मोजून भागाकार करावा. ०.३११ ते ०.३५६ च्या आत असेल तर पार्ट सच्चे आहेत. नवे सर्किट या पट्ट्यात असलेच पाहिजे. जुन्याला थोडी सवलत द्यावी, कारण पाच टक्क्यांची हमी कोऱ्या पार्टाची असते. सोल्डरिंगची उष्णता, दमट हवा आणि वय यांमुळे होणारी घसरण त्यात धरलेली नसते.

अचूकपणासाठी सरळ उपाय म्हणजे तपकिरी पट्टीचे, एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर. त्याच नियमाने दोन टक्क्यांचे दोन तृतीयांश, म्हणजे १.३ टक्के चूक उरते. खरे १२.० व्होल्ट ११.८४ ते १२.१६ यांमध्ये कुठेतरी दिसतात. सोनेरी पट्टीच्या मानाने पाचपटीने बरे, आणि दरातला फरक आता नाव घेण्याजोगा राहिलेला नाही. तरीही पडद्यावर ‘१२.०७’ असा दुसऱ्या दशांशापर्यंतचा आकडा छापण्याचा हक्क याने मिळत नाही. मायक्रोकंट्रोलरच्या मापनाची एक पायरी बॅटरीच्या हिशेबात साधारण १५ मिलिव्होल्टची असते, म्हणून दोन दशांश बारीक हलताना दिसतात आणि माणूस फसतो. बारीक हलणारा आकडा खराच असेल असे नाही.

पण नुसते रेझिस्टर बदलून निश्चिंत होणाऱ्याला आणखी एक पार्ट गाठतो. आर्डुइनोचा उनो बोर्ड मधले व्होल्टेज स्वतःच्या ५ व्होल्टच्या सप्लायशी ताडून मोजतो, आणि तो सप्लाय यूएसबी केबलवरून येत असेल तर तोच पाच टक्के इकडेतिकडे असू शकतो. हाही मग टोकांच्या यादीत धरावा लागतो. सप्लाय कमी असला की आकडा जास्त दिसतो, म्हणून त्याचे वाईट टोक रेझिस्टरच्या वाईट टोकाशी हात मिळवते. सोनेरी पट्टी आणि यूएसबी सप्लाय एकत्र धरले तर खरे १२.० व्होल्ट १०.७ पासून १३.५ पर्यंत काहीही दिसू शकतात. त्या चिपमध्ये १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भही असतो, पण उत्पादकाच्याच कागदपत्रांत त्याची मुभा १.० ते १.२ व्होल्ट दिली आहे. तो स्थिर असतो, अचूक नसतो.

स्थिर पण अचूक नसलेल्या गोष्टींवर उतारा म्हणजे एकदा जुळवून घेणे. बॅटरी चांगल्या मल्टिमीटरने मोजा, सर्किट काय दाखवते ते पाहा, आणि ३ च्या जागी जो गुणक निघेल तो त्या एका सर्किटासाठी प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवा. रेझिस्टरची मूळ चूक आणि संदर्भाची मूळ चूक एका फटक्यात निघून जाते. मागे उरते ती तापमानाने होणारी हालचाल. एक टक्क्याचे, अंशाला दशलक्षात शंभर भाग बदलणारे रेझिस्टर २५ अंशांवरून उन्हाळ्यातल्या ४५ अंशांवर गेले, तर दोघे उलट दिशांना हलले तरी १२ व्होल्टवर फरक ०.०३ व्होल्टच्या आसपास. मात्र हे जुळवणे यूएसबीवर करून नंतर सर्किट दुसऱ्या सप्लायवर चालवले, तर सगळे मुसळ केरात.

ज्यांना प्रोग्रॅमला हात लावायचा नाही ते वरच्या रेझिस्टरमध्ये प्रिसेट घालतात आणि स्क्रू फिरवून जुळवतात. प्रिसेट किती किलोओहमचा घ्यायचा, हेही टोकांवरूनच काढावे लागते. खालचा ९.५ ते १०.५ यांमध्ये कुठेही असेल, तर वरची बाजू त्याच्या दुप्पट, म्हणजे १९ ते २१ व्हायला हवी. तिथे १८ किलोओहमचा सोनेरी पट्टीचा रेझिस्टर कायमचा बसवला तर तो १७.१ ते १८.९ असेल. सर्वांत वाईट जोडीत प्रिसेटला २१ वजा १७.१, म्हणजे ३.९ किलोओहम भरून काढावे लागतील. ४.७ चा प्रिसेट सहज पुरेल असे वाटते. पण स्वस्त प्रिसेटचा स्वतःचा टॉलरन्स वीस टक्के असतो, त्यामुळे ४.७ चा प्रिसेट ३.७६ लाच संपू शकतो आणि स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही आकडा जुळत नाही. ५ चा घेतला तर वाईटात वाईट ४.० मिळतात आणि काम निभावते.